सामन्याच्या दिवसाचे उत्पन्न

घरच्या मैदानावर सामना भरवून क्लबला मिळणारा पैसा. सुटी तिकिटे, हंगामभराची सीझन तिकिटे, खास कक्षांतील पाहुणचार आणि मैदानावरील खाण्यापिण्याची विक्री यांतून तो येतो. सुरक्षारक्षक, दिवे, सफाई यांचा बराचसा खर्च ठरलेलाच असतो. म्हणून एक खुर्ची रिकामी राहिली, की तिच्या तिकिटाची जवळजवळ सगळी रक्कम बुडते. मँचेस्टर युनायटेडला 2018-19 मध्ये या मार्गाने सुमारे 11 कोटी पौंड मिळाले होते. कोविडमुळे जवळजवळ प्रेक्षकांविना गेलेल्या 2020-21 मध्ये ते 70 लाखांच्या आसपास उतरले.

मग दर किती ठेवावा? याचे सर्वांत बोलके उदाहरण लिव्हरपूलचे आहे. ॲनफिल्डच्या मुख्य स्टँडमध्ये सुमारे 8,500 खुर्च्या वाढणार होत्या, आणि क्लबने 2016-17 साठी सर्वांत महाग तिकीट 59 वरून 77 पौंडांवर नेण्याचे जाहीर केले. 6 फेब्रुवारी 2016 रोजी संडरलँडविरुद्धच्या सामन्यात 77 व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल 2-0 ने पुढे होते. सामना 2-2 असा सुटला. त्या दोन गोलांचे खापर केवळ रिकाम्या खुर्च्यांवर फोडता येणार नाही. मात्र चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली, 77 पौंडांचे तिकीट रद्द केले आणि 59 पौंडांची मर्यादा कायम ठेवली.

दरवाढीतून वर्षाला सुमारे 20 लाख पौंड जादा येतील, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्याच हंगामापासून प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात एक क्रमांक वर चढण्याची किंमत जवळपास तेवढीच, म्हणजे 19 लाख पौंडांच्या घरात होती. गर्दीच्या जोरावर हंगामात दोन-तीन गुण जास्त पदरात पडले, तरी बऱ्याचदा तेवढ्याने क्रमांक बदलतो. म्हणजे आरडाओरड करणारा, गाणारा प्रेक्षक दर परवडेनासा होऊन घरी बसला, तर दरवाढीची कमाई तिथेच संपते. हा हिशेब क्लबने आंदोलनाआधीच मांडायला हवा होता.

गर्दीचा परिणाम नेमका मोजणे मात्र अवघड. ॲनफिल्डवर सलग 68 लीग सामने न हरलेले लिव्हरपूल 2021 च्या सुरुवातीला रिकाम्या मैदानात सलग सहा सामने हरले. पण तेव्हा व्हॅन डाइकसह मुख्य बचावपटू जायबंदी होते. प्रेक्षकांविना झालेल्या सामन्यांच्या अभ्यासांतून अधिक ठाम दिसलेली गोष्ट वेगळी आहे: पाहुण्या संघाला पंचांकडून मिळणारी पिवळी कार्डे कमी झाली.

पाहुण्या समर्थकांचा आवाजही क्लबना हवा असतो, कारण त्यांच्या घोषणांना उत्तर म्हणून घरचे स्टँड पेटतात. 2016-17 पासून प्रीमियर लीगने त्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली. या जागा एका सामन्याला जास्तीत जास्त तीन हजारांच्या आसपास असल्याने क्लबचे नुकसानही थोडकेच राहते.