नियुक्तिपत्रे एकाच आठवड्यात हाती यावीत म्हणून

पुण्यातील सॉफ्टवेअर क्षेत्रात चार-पाच वर्षे काम केलेला अभियंता नोकरी बदलायचे ठरवतो, तेव्हा तो बहुधा एकाच कंपनीचा विचार करीत नाही. तीन-चार ठिकाणी अर्ज जातात आणि मुलाखती सुरू होतात. मग एका छोट्या कंपनीकडून दहाव्या दिवशीच होकार येतो. 'तीन दिवसांत कळवा' अशी अट त्यासोबत असते. ज्या कंपनीत जाण्याची मनापासून इच्छा आहे, तिच्या मुलाखतींची तोवर जेमतेम दुसरी फेरी झालेली असते. हातचे सोडावे तर पुढचे मिळेलच याची खात्री नाही, आणि हातचे धरावे तर पुढचे कायमचे सुटते. मुलाखती उत्तम देऊनही अनेक उमेदवारांना निवडीची संधी मिळत नाही, ती याच कारणाने.

हा पेच शेवटच्या आठवड्यात सुटत नाही. तो सोडवायचा असतो पहिल्या आठवड्यात, अर्ज कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवताना. त्यासाठी कोणती कंपनी किती वेळ घेते, याचा अंदाज हवा. पंचवीस-तीस माणसांच्या नवोद्योगात साधारणपणे तीन फेऱ्या होतात आणि संस्थापकाच्या एका शब्दावर निर्णय होतो. दहा-बारा दिवसांत सारे उरकते. मध्यम आकाराच्या कंपनीत चार फेऱ्या व तीन ते चार आठवडे धरावेत. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीत मात्र सहा-सात आठवडे सहज जातात. तेथे विलंब मुलाखतींमुळे कमी आणि त्यानंतरच्या निर्णयप्रक्रियेमुळे अधिक होतो. गुगलच्या प्रचलित पद्धतीचेच पाहा. मुलाखत घेणारे केवळ आपला लेखी अभिप्राय देतात, निवडीचा विचार वेगळी समिती करते आणि अनेकदा त्यानंतरही कोणत्या गटात घ्यायचे, याची जुळवाजुळव बाकी राहते. प्रत्येक कंपनीचा वेळ ताडून पाहण्याची गरज नाही. पहिल्याच फोनवर 'एकूण फेऱ्या किती आणि शेवटच्या फेरीनंतर निर्णयाला किती दिवस लागतात?' असे विचारावे. मनुष्यबळ विभागातील माणसे या प्रश्नाचे उत्तर सहसा मोकळेपणाने देतात.

हे कळले की मग उलटी मोजणी करायची. उदाहरणादाखल हिंजवडीत काम करणारी, पाच वर्षांचा अनुभव असलेली एक अभियंता घेऊ. तिच्यापुढे तीन कंपन्या आहेत. बाणेरमधील नवोद्योग (अ), खराडीतील मध्यम कंपनी (ब) आणि मोठी बहुराष्ट्रीय कंपनी (क). तिन्ही उत्तरे सातव्या आठवड्याच्या आसपास यावीत, असे तिला वाटते. म्हणून 'क'कडे ती पहिल्या आठवड्यात जाते, 'ब'कडे तिसऱ्या आणि 'अ'कडे थेट पाचव्या. नोकरीच्या संकेतस्थळावरील आपली माहितीही ती तोवर अद्ययावत करीत नाही. कारण माहिती ताजी केली की दोन दिवसांत फोन सुरू होतात, आणि असे फोन करणाऱ्यांना माणूस बहुतेक वेळा तातडीने हवा असतो. वेगवान कंपन्या त्यामुळे नको त्या वेळी रांगेत पुढे येतात.

येथे एक आक्षेप रास्त आहे. सर्वांत हवीशी कंपनी प्रथम घेतली, तर सराव नसताना तिच्यापुढे उभे राहावे लागणार नाही का? 'आधी नको असलेल्या कंपनीत मुलाखती देऊन हात साफ करून घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो, तो याच भीतीपोटी. मला तो पटत नाही. एक तर त्यात दुसऱ्यांचा वेळ वाया जातो, आणि नको असलेली कंपनी नेमकी लवकर होकार देऊन बसते. शिवाय मोठ्या कंपनीची सुरुवात आणि तिची खरी परीक्षा यांत बरेच अंतर असते. आधी ओळखीचा फोन, मग संगणकावरील चाचणी किंवा फोनवरची एक तांत्रिक फेरी, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत सलग चार-पाच मुलाखती. या सलग मुलाखतींपूर्वी तयारीसाठी दोन-तीन आठवडे मागितले, तर मोठ्या कंपन्या ते बहुधा देतात. आपल्या उदाहरणातील अभियंता दुसऱ्या आठवड्यात फोनवरची फेरी आटोपते आणि सलग मुलाखतींसाठी चौथ्या आठवड्यातील गुरुवार-शुक्रवार मागून घेते. दरम्यान 'ब'च्या दोन तांत्रिक फेऱ्या झालेल्या असतात. 'क'पुढे ती जाते, तेव्हा तिचा हात चाललेला असतो.

उमेदवाराच्या हातात खरा वेळ असतो तो असा, दोन फेऱ्यांच्या मधला. 'या आठवड्यात कार्यालयीन कामाचा ताण आहे, पुढच्या बुधवारी चालेल का?' हे वाक्य एका कंपनीला एकदा, फार तर दोनदा म्हणता येते. तिसऱ्यांदा म्हटले की उत्साह नाही, अशी नोंद होते. नियुक्तिपत्र आल्यानंतर मागून मिळणारा वेळ मात्र तुटपुंजा असतो. दोन दिवस, चार दिवस, क्वचित आठवडा. त्यावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांची फसगत होते.

आता उदाहरण पुढे नेऊ. सहाव्या आठवड्यात मंगळवारी 'अ'चे संस्थापक फोनवर सांगतात, 'तुमची निवड झाली आहे, संध्याकाळपर्यंत हो म्हणा.' येथे हो किंवा नाही यांपैकी काहीच म्हणायचे नसते. आनंद व्यक्त करावा आणि लेखी पत्र मागावे: 'वेतनाची विभागणी, रुजू होण्याची तारीख आणि अटी पाहून मी निश्चित कळवते.' ही मागणी कोणी गैर मानत नाही. पत्र तयार होण्यात दोन-तीन दिवस जातातच. ते गुरुवारी येते, सोमवारपर्यंतच्या मुदतीचे.

त्याच संध्याकाळी ती 'ब' आणि 'क' या दोन्ही कंपन्यांना पत्र लिहिते. आशय असा: 'माझ्याकडे एका कंपनीचे लेखी नियुक्तिपत्र आले असून त्याची मुदत सोमवारी संपते. आपल्याकडील कामात मला अधिक रस आहे. उरलेल्या फेऱ्या व निर्णय त्यापूर्वी होणे शक्य आहे का? नसल्यास कोणत्या दिवशी कळेल, ते सांगावे.' यात धमकी नाही, कंपनीचे नाव नाही, आकडाही नाही. फक्त तारीख आहे. संथ प्रक्रिया हलवण्याचा याहून परिणामकारक उपाय मी पाहिलेला नाही. कारण उमेदवार हातचा जाईल, हे मनुष्यबळ विभागाला आपल्या वरिष्ठांपुढे मांडण्यासाठी काहीतरी लेखी हवेच असते. मात्र पत्र खरोखर हाती असेल तरच हे लिहावे. आपल्याकडे 'त्या पत्राची प्रत पाठवा' असे बिनदिक्कत विचारले जाते. नाव व रक्कम झाकून प्रत दाखवता येते. नसलेले पत्र दाखवता येत नाही.

'ब'ची विभागप्रमुखांसोबतची शेवटची फेरी पुढच्या बुधवारी होती, ती सोमवारवर येते. मंगळवारी तिच्याकडून तीन महिन्यांच्या वेतनपावत्या, फॉर्म १६ आणि शेवटच्या वेतनवाढीचे पत्र मागवले जाते. ही मागणी म्हणजे पत्र निघण्याच्या बेतात असल्याची बऱ्यापैकी भरवशाची खूण. उलट, ठरावीक दिवस न सांगता 'कळवतो' म्हणून आठवडा उलटला, तर ती प्रक्रिया थांबली आहे असे समजून चालावे. दरम्यान 'अ'कडून ती दोन दिवस वाढवून घेते. बुधवारी नक्की उत्तर देईन, असे सांगून. नेमका दिवस सांगितला की मुदत मिळण्याची शक्यता वाढते.

बुधवारी दुपारी 'ब'चे पत्र येते, पुढच्या सोमवारपर्यंतच्या मुदतीचे. 'अ'चा आकडा समोर असल्याने 'ब'शी बोलताना तिला काकुळतीला यावे लागत नाही. मूळ वेतन थोडे वाढते आणि सूचना कालावधीपैकी तीस दिवसांची भरपाई करण्याचे कंपनी मान्य करते. संध्याकाळी ती 'अ'ला नम्रपणे नकार कळवते.

राहिली 'क'. शुक्रवारी तिकडून निरोप येतो की, आणखी एक फेरी घ्यावी लागेल. समितीपर्यंत गेलेल्या उमेदवाराची अशी जादा फेरी निघते, तेव्हा मतभेद आहेत असा त्याचा अर्थ असतो. निकाल होकाराचा लागू शकतो, पण सोमवारच्या आत नाही. ती सोमवारी 'ब' स्वीकारते आणि 'क'ला तसे कळवते. आखणी चोख असूनही सर्वांत हवे ते हाती आले नाही. समितीचे वेळापत्रक उमेदवाराच्या हाती नसते, आणि मध्येच पद गोठवले गेले तर कोणतीही आखणी उपयोगी पडत नाही. तिच्या हाती आली ती दोन लेखी पत्रे एकाच दिवशी, शेजारी ठेवून वाचता येण्याजोगी.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे नव्वद दिवसांचा सूचना कालावधी. मिळालेल्या पहिल्या पत्रावर राजीनामा द्यायचा, 'शेवटचा दिवस' जवळ आला की तातडीने माणूस हवा असलेल्या कंपन्यांशी बोलायचे, आणि आधी हो म्हटलेल्या ठिकाणी रुजूच व्हायचे नाही, ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की अनेकांना त्यात काही वावगे वाटत नाही. पत्रे जुळवून आणणे वेगळे आणि स्वीकारलेले पत्र मोडणे वेगळे. पहिल्यात कोणाचीही फसवणूक नाही. दुसऱ्यात तीन महिने जागा राखून ठेवणारी कंपनी ऐनवेळी तोंडघशी पडते, आणि मनुष्यबळ क्षेत्रातील माणसे कंपन्या बदलताना आपली स्मरणशक्ती सोबत नेतात. या प्रकारांमुळेच आता अनेक कंपन्या पत्र स्वीकारल्यावर काही दिवसांतच राजीनामा मंजूर झाल्याचा पुरावा मागू लागल्या आहेत.

अर्थात शब्द मोडणे एकतर्फी नाही. २०२२ साली काही कंपन्यांनी नवपदवीधरांना दिलेली पत्रे मागे घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणूनच सही केलेले, वेतन आणि रुजू होण्याची तारीख नमूद असलेले पत्र हाती येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. पार्श्वभूमी पडताळणी पूर्ण होण्याच्या अटीवर पत्र दिले असेल, तर ती कधी पूर्ण होणार हेही आधी विचारून घ्यावे. फोनवरच्या होकारावर राजीनामा दिला, तर जुळवून आणलेल्या साऱ्या तारखा त्याच दिवशी निरर्थक होतात. पुढचे नव्वद दिवस मोजले जातात ते दुसऱ्याच्या घड्याळावर.