शिवीच्या नोंदीची कुळकथा

माणूस क्रोधाच्या किंवा मायेच्या भरात जे बोलतो ते जसेच्या तसे टिपून ठेवावे, ही कल्पना ध्वनिमुद्रणयंत्राबरोबर जन्मास आली असा समज रूढ असला, तरी वऱ्हाडात तिचे कूळ सातशे वर्षांहून जुने आहे आणि त्याचा मूळपुरुष वाशीमच्या ईशान्येस, अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे सापडतो. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राऊळ म्हणत, यांच्या निर्वाणानंतर, म्हणजे 1288 च्या सुमारास, म्हाइंभटाने त्यांच्या लीळा संकलित केल्या; आणि त्या चरित्रात प्रभूंच्या तोंडी मरणाची शिवी इतक्या वेळा येते की, आजच्या अभ्यासकास तो तेराव्या शतकातील मराठी शिवीगाळीचा बहुमोल संग्रहच वाटावा. ज्याने ती लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडे जाऊन विचारावे, मिळालेली हकिगत नागदेवाचार्यांसारख्या जाणत्यापुढे ठेवून पारखून घ्यावी, ही पद्धत म्हाइंभटाने लीळाचरित्राच्या वेळीच बसविली होती. पुढे महानुभाव पोथ्यांतून भिन्न आठवण पुसून न टाकता ‘वासना’ म्हणून बाजूस नोंदविण्याची परंपरा वाढली. देवाचा प्रत्येक शब्द पवित्र, या श्रद्धेमुळे संकलकाने अशिष्ट म्हणून काही गाळले नाही. आणि प्रत्येक लीळेत प्रसंग कोणता, समोर कोण होते व त्याने पुढे काय केले, हे सांगितल्यामुळे ती शिवी केवळ शब्द न राहता व्यवहार म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली.

ही दृष्टी पुढे दीर्घकाळ लोपली. ग्रिअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. त्या खंडात वऱ्हाडीचे नमुने आहेत. परंतु सर्वेक्षणाची मुख्य सामग्री म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे प्रत्येक बोलीतील भाषांतर, आणि असे भाषांतर सरकारी अंमलदाराच्या मार्फत मागविले म्हणजे त्यात शिवी येणे अशक्यच होते. व्याकरण त्यातून मिळाले. घरातले बोलणे मिळाले नाही.

लिखित दप्तरांत शिवी शोधू जावे तर तेथेही तीच अडचण उभी राहते. पोलीस ठाण्यातील फिर्यादी आणि कचेरीतील जबान्या या भांडणांच्याच नोंदी असल्याने तेथे खरे शब्द विपुल असतील अशी आशा वाटते. प्रत्यक्षात मात्र लेखनिक ‘अश्लील शिवीगाळ केली’ एवढ्यावर वाक्य संपवितो, अथवा उच्चारलेली वऱ्हाडी पुस्तकी मराठीत बदलून लिहितो. शिवाय मायेने दिलेली शिवी ठाण्यापर्यंत कधीच जात नाही. म्हणून अशा दप्तरावरून बोलीतील शिवीचे प्रमाण काढणारा अभ्यासक भांडणालाच भाषा समजून बसतो.

ध्वनिमुद्रणाने ही उणीव भरून काढली, पण एक नवा पेच निर्माण केला. लोक आपले निरीक्षण होत नसताना कसे बोलतात हे जाणावयाचे, आणि ते जाणण्याचा मार्ग मात्र निरीक्षणाचाच, हा विरोध विल्यम लबाव यांनी 1972 साली स्पष्ट शब्दांत मांडला. ‘तुमच्याकडे कोणत्या शिव्या देतात?’ असा प्रश्न विचारल्यास जी यादी मिळते ती झणझणीत शब्दांची असते, नित्याच्या वापराची नसते. म्हणून ब्रिटिश राष्ट्रीय भाषासंग्रहासाठी 1990 नंतरच्या वर्षांत निवडक स्वयंसेवकांनाच फिरते ध्वनिमुद्रक देण्यात आले. त्यांनी आपले रोजचे संभाषण मुद्रित करावे, नंतर समोरच्यास सांगावे आणि त्याची हरकत असल्यास ते पुसावे, असा नियम होता. टोनी मॅकेनरी यांचा इंग्रजी शिव्यांवरील 2006 चा ग्रंथ मोठ्या अंशी याच सामग्रीवर आधारलेला आहे. मानसशास्त्रज्ञ माथियास मेल यांनी तर अंगावर बाळगावयाचे असे यंत्र वापरले की, जे सुमारे साडेबारा मिनिटांनी एकदा तीस सेकंद आपोआप चालू होते, त्यामुळे ते नेमके केव्हा ऐकत आहे हे वागविणाऱ्यासही कळत नाही. आणि संशोधकाने ऐकण्यापूर्वी स्वतः ऐकून नको तो भाग पुसण्याचा अधिकार त्यास असतो.

आता ही पद्धत वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावात आणून पाहावी. समजा, मंगरूळपीर तालुक्यातील एका घरी ओसरीवर संमतीने यंत्र ठेवले आहे, आणि सोयाबीन काढणीहून परतलेली आजी नातवास म्हणते, “तुहा मुडदा बशिवला, जेवून तं घे!” थोड्या वेळाने तीच आजी बांधावरच्या तंट्यावरून शेजारणीस तोच मुडदा बहाल करते. लिखित प्रतीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतील. म्हणून टिपणकाराने शब्दासोबत बोलणारीचे वय, ऐकणाऱ्याचे नाते, मागील वाक्य, स्वर आणि मुख्यतः त्यावर आलेले उत्तर यांची नोंद घ्यावी लागते. नातू हसून ताटावर बसला तर ती माया, शेजारणीने उलट शिवी दिली तर तो कलह. निकाल शब्दावरून लागत नाही, प्रतिसादावरून लागतो. आणि यंत्राकडे पाहून माणसे अवघडली आहेत की नाही हेही अशाच खुणांनी, म्हणजे ती संशोधकास उद्देशून न बोलता आपसांत बोलू लागली की नाहीत, यावरून ओळखता येते.

परंतु नीतीचा खरा प्रश्न येथेच उद्भवतो. ज्या तपशिलामुळे शिवीचा अर्थ कळतो, त्याच तपशिलामुळे ती देणारी व्यक्तीही कळते. लहान गावात नाव वगळून काही लपत नाही. साठीची बाई, अमक्या वाडीची, बांधाचा तंटा, एवढे सांगितले की सारा गाव तिला ओळखतो. शिवाय संमती आजीने दिली होती, शेजारणीने दिली नव्हती. तिचा आवाज मात्र यंत्रात शिरला. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: जातिवाचक अपशब्द सर्वांसमक्ष उच्चारणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि न्यायालयाने ध्वनिफीत मागितल्यास ती देण्याचे नाकारण्याचा जो विशेषाधिकार वकिलास आपल्या अशिलापुरता आहे, तो संशोधकास नाही. तेव्हा ‘तुमचे बोलणे कोणासही कळणार नाही’ असे वचन तो प्रामाणिकपणे देऊच शकत नाही, आणि दिल्यास ते असत्य ठरेल.

म्हणून वचन मर्यादितच द्यावे आणि ते पाळावे: यंत्र उघड ठेवावे, घरात येणाऱ्या प्रत्येकास ते दाखवावे, मुद्रण झाल्यावर बोलणाऱ्यांना ऐकवून पुसण्याची मुभा द्यावी, प्रसिद्ध करताना गाव सोडून केवळ जिल्हा लिहावा, नाते व प्रतिसाद ठेवावेत, आणि मूळ ध्वनी थोड्याच अभ्यासकांना, तोही तपासून, ऐकू द्यावा. वाचकांची मर्यादा ठरविण्याची रीत या प्रदेशास परकी नाही. महानुभावांनी आपल्या पोथ्या शतकानुशतके सकळ लिपीत राखल्या, आणि त्या लिपीची उकल विसाव्या शतकाच्या आरंभी झाली तेव्हाच त्या बाहेरच्या विद्वानांस वाचता आल्या. अशा नियमांनी काही उत्तम नोंदी हातच्या जातील, हे मान्य करावे लागेल. चोरून मुद्रित केलेली शिवी अधिक अस्सल असेलही, परंतु जिची ती आहे तिला विचारल्यावाचून ती घेण्याचा अधिकार शास्त्रास नाही. आणि तिने नको म्हटल्यास ती नोंद पुसावी, हाच या विद्येचा पहिला नियम असला पाहिजे.