लुकआउटच्या शिट्टीची कुळकथा

रुळांवर टोळी काम करत असते आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर एक माणूस हातात काहीही अवजार न घेता उभा असतो. त्याचे काम एकच असते, गाडी येते का ते पाहणे आणि दिसताच शिट्टी किंवा भोंगा वाजवून टोळीला बाजूला करणे. रेल्वेच्या भाषेत तो लुकआउट. ही पद्धत इतकी साधी आहे की ती रेल्वेइतकीच जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात कायद्याने तिला जागा मिळाली ती ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्याआधीच्या ठळक युक्त्या गाडी वाचवण्यासाठी होत्या. १८४१ मध्ये एडवर्ड कूपर या इंजिनिअरने रुळावर बांधायचा फटाका काढला. धुक्यात सिग्नल दिसला नाही तरी चाकाखाली स्फोट ऐकून ड्रायव्हर सावध होई. लाल बावटा आणि लाल कंदील हेही ड्रायव्हरसाठीच. पुढचा रूळ उखडलेला असेल तर गाडी थांबवणे हा त्यांचा हेतू. रूळ शाबूत आहे, गाडीला काहीच धोका नाही, पण रुळांत माणसे वाकून पाचर ठोकत आहेत, अशा वेळी गाडी थांबवायचे कारणच नव्हते. तिथे माणसानेच बाजूला व्हायचे होते, आणि त्याला सांगणारा माणूस देणे कायद्याने कोणावर बंधनकारक नव्हते.

रेल्वे कामगारांच्या अपघातांची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला आणि १९०० साली ब्रिटिश संसदेने अपघात-प्रतिबंधाचा कायदा केला. त्याखालच्या १९०२ च्या नियमांत लुकआउट पहिल्यांदा कंपनीचे कर्तव्य म्हणून लिहिला गेला. चालू मार्गावर एकट्याने किंवा टोळीने रूळ बदलण्याचे अथवा दुरुस्त करण्याचे काम होत असेल आणि धोका संभवत असेल, तर कंपनीने पहाऱ्यासाठी किंवा इशाऱ्यासाठी माणूस अथवा यंत्र पुरवावे, असा त्या नियमाचा आशय होता. ‘यंत्र’ हा पर्याय तेव्हापासूनच नियमात होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण यंत्र महाग आणि माणूस स्वस्त असल्याने कितीतरी दशके माणूसच उभा राहिला. नियमाला एक फटही होती. १९४६ मध्ये ती हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आली. सिग्नलच्या यंत्रणेत तेल घालताना एक कामगार गाडीखाली सापडला होता आणि लुकआउट नव्हता. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. न्यायमूर्तींनी बहुमताने ठरवले की तेल घालणे ही देखभाल झाली, दुरुस्ती नव्हे, त्यामुळे नियम लागू होत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल शब्दशः अर्थ लावण्याचे उदाहरण म्हणून आजही शिकवतात. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. गाडीला माणूस काय करतोय याच्याशी कर्तव्य नाही, पण संरक्षण मात्र कामाच्या नावावरून ठरत होते.

तरीही लुकआउटचा मूळ दोष या फटीत नाही. तो त्याच्या इशाऱ्याच्या रचनेत आहे, आणि माझे म्हणणे त्याच्याभोवतीच आहे. लुकआउट धोका असतो तेव्हाच बोलतो. म्हणजे त्याचे गप्प राहणे हा टोळीसाठी ‘खुशाल काम करा’ असा संदेश ठरतो. पण त्याच शांततेचे अर्थ अनेक असू शकतात. गाडी नाही, किंवा गाडी त्याला दिसली नाही, किंवा शिट्टी वाजली पण यंत्राच्या आवाजात ऐकू आली नाही, किंवा त्याला वाटले की गाडी दुसऱ्या मार्गावरून जाईल. टोळीला हे वेगळे करून ओळखता येत नाही. सिग्नलच्या बाबतीत रेल्वेने हा धडा फार आधी घेतला होता. २१ जानेवारी १८७६ ला ॲबट्स रिप्टन इथे हिमवृष्टीत सिग्नलचे हात ‘मार्ग मोकळा’ या स्थितीत गोठले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या काळी सिग्नल एरवी मोकळाच ठेवत. त्या अपघातानंतर उलट रीत पडत गेली. सिग्नलची स्वाभाविक स्थिती धोक्याची असावी, आणि काही बिघडले तर त्याने धोकाच दाखवावा. प्रवाशांच्या गाडीला हे तत्त्व मिळाले. त्याच रुळांवर काम करणाऱ्या माणसाला पंचवीस वर्षांनंतर जो रक्षक मिळाला, त्याच्या रचनेत मात्र बिघाड म्हणजे ‘मोकळे’ असाच अर्थ राहिला.

लुकआउटच्या बाजूने बोलणारे म्हणतील की नियम पाळले तर ही पद्धत पुरेशी आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून ते नियम नीट पाहू. ब्रिटिश नियमानुसार गाडी पोचण्याच्या किमान दहा सेकंद आधी टोळीतला प्रत्येक माणूस सुरक्षित जागी उभा असायला हवा. सुरक्षित जागा म्हणजे ताशी १०० मैलांपर्यंतच्या गाडीच्या सर्वांत जवळच्या रुळापासून किमान सव्वा मीटर आणि त्याहून वेगवान गाडीसाठी २ मीटर. ती जागा काम सुरू होण्याआधी सर्वांना दाखवायची. इशारा मिळताच अवजार ठेवून तिथे जायचे. शेजारच्या मार्गावर सरकायचे नाही, कारण दुहेरी मार्गावर एका गाडीचा आवाज दुसरीचा आवाज गिळतो आणि एकीला चुकवणारा माणूस दुसरीसमोर उभा राहतो. आता हिशेब करू. ताशी १०० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे ४५ मीटर. अवजार बाजूला करून सुरक्षित जागी पोचायला दहा सेकंद धरले आणि वरचे दहा मिळवले, तर लुकआउटला गाडी निदान ९०० मीटरवर दिसायला हवी. वळणामुळे किंवा पुलामुळे त्याला ५०० मीटरच दिसत असेल, तर त्याच्या पुढे दुसरा लुकआउट उभा करावा लागतो. तो निळ्या-पांढऱ्या चौकटीचे निशाण हलवून टोळीजवळच्याला कळवतो. दरम्यान आणखी कोणी असेल तर साखळी लांबते, आणि प्रत्येक कडीला पाहून कळायला लागणारा वेळ आणखी अंतर मागतो. टोळीत ताकदवान यंत्र आले आणि ते उचलून बाजूला करायला पाच सेकंद जास्त लागू लागले, तर तेवढ्यानेच सव्वादोनशे मीटर वाढतात. हिशेब चोख आहे, पण तो ज्यावर उभा आहे ती गोष्ट म्हणजे एका माणसाचे अखंड लक्ष. थंडीत दोन-तीन तास रिकाम्या रुळांकडे पाहत राहणाऱ्याच्या डोळ्यांवर हा सगळा हिशेब विसंबतो. यात त्या माणसाचा दोष नाही. इतके एकसुरी काम चूक न करता करायला कोणाचेच मन घडलेले नसते.

३ जुलै २०१९ ला दक्षिण वेल्समधील मार्गम इथे हे दिसून आले. सहा जणांची टोळी सांध्याच्या कामावर होती. त्यांपैकी तिघे पेट्रोल इंजिनचे यंत्र घेऊन बोल्ट सैल करत होते आणि आवाजापासून बचावासाठी त्यांनी कानांवर संरक्षक घातले होते. मार्ग वाहतुकीस खुला होता आणि इशारा द्यायला रीतसर नेमलेला लुकआउट तिथे नव्हता. गाडी आली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, पण तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही. दोघांचा जीव गेला, तिसरा थोडक्यात वाचला. चौकशी संस्थेने हेही नोंदवले की ते काम त्या वेळी करण्याची गरजच नव्हती. कोणी म्हणेल की हा लुकआउटचा दोष नव्हे, लुकआउट नव्हता हा दोष. मला ते पटत नाही. माणसावर बेतलेल्या पद्धतीत माणूस नसला तरी रुळांवर काहीच वेगळे दिसत नाही. लुकआउट गप्प उभा असला काय आणि मुळातच नसला काय, कामात गढलेल्या माणसाला कानांनी फरक कळत नाही. सिग्नल धोक्यावर ठेवून मार्ग बंद करायचा असता तर बंदी घेतली नसल्याचे निदान सिग्नलच्या नोंदीत दिसले असते. त्याच जुलैत नियामक संस्थेने रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलला सुधारणेच्या नोटिसा दिल्या, आणि पुढच्या काही वर्षांत केवळ माणसाच्या नजरेवर विसंबून चालू मार्गावर काम करण्याची रीत ब्रिटनमध्ये जवळजवळ संपुष्टात आली.

यावर खरा आक्षेप वेगळा आहे. मार्ग बंद करून काम करायचे तर वेळ कुठून आणायचा? गाड्या दिवसा असतात, म्हणून काम रात्रीवर ढकलले जाते, रात्री थकवा आणि अंधार वाढतो, आणि तपासणी पुढे गेली तर तुटक्या रुळावरून गाडी जाते. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मार्ग बंद केला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हेही खरे नाही. १५ फेब्रुवारी २००४ ला कम्ब्रियातील टेबे इथे वाहतूक बंद असलेल्या रुळांवरच चार कामगार ठार झाले. काही मैलांवरच्या स्काउट ग्रीन इथून ब्रेक निकामी केलेला, रुळांनी लादलेला ट्रेलर सुटला आणि उतारावरून अंधारात, दिव्यांशिवाय, जनरेटरच्या आवाजाखाली त्यांच्यापर्यंत आला. सिग्नलने गाड्या थांबतात, सुटलेला ट्रेलर थांबत नाही. या दोन घटना एकत्र ठेवल्या की एकच निष्कर्ष निघतो. मार्ग बंद करणे आवश्यक आहे, आणि बंद मार्गावरही इशाऱ्याची अशी वेगळी यंत्रणा हवी जी रुळांवर काहीही येत असल्याचे ओळखेल. तिने ‘सर्व ठीक’ असा सूर सतत वाजवत राहावा. तो सूर थांबला की टोळीने लगेच सुरक्षित जागी जावे, मग कारण गाडी असो वा संपलेली बॅटरी. १८७६ चे तत्त्व तेव्हा कुठे माणसापर्यंत पोचते. अशा यंत्राने विनाकारण थांबायला लावले तर लोक त्याकडे दुर्लक्ष करू लागतात हे खरे. पण खोट्या इशाऱ्यामागे खराब जोडणी किंवा चुकीची जागा असते आणि ती शोधता येते. खोटी शांतता शोधता येत नाही.

आपल्याकडे लुकआउटची रीत ब्रिटिश नियमांतूनच आली आणि गँगवर तो नेमला जातो. पण चावीवाला, म्हणजे कीमन, रोज आपला ठरलेला टप्पा एकट्याने चालतो. त्याच्यासाठी कोणी वेगळा पहारेकरी नसतो. तोच चाव्या ठोकतो आणि तोच मागे वळून पाहतो. एका वेळी रुळाकडे आणि क्षितिजाकडे पाहता येत नाही, ही साधी गोष्ट त्याच्या कामाच्या मुळाशी आहे. कर्जत-लोणावळा घाटात बोगदे एकामागून एक येतात आणि आत शिरलेल्या माणसाला भिंतीतल्या कोनाड्यापर्यंत पोचण्याइतकाच वेळ हाती असतो. मुंबईच्या उपनगरी मार्गावर चार-सहा रुळांतून दोन्ही दिशांनी लोकल जातात, तेव्हा सव्वा मीटरची मोकळी जागा रुळांच्या मध्ये मिळतेच असे नाही. भारतीय रेल्वेने ‘रक्षक’ हे अंगावर बाळगायचे उपकरण आणले ते याच एकट्या माणसासाठी. स्टेशनवर गाडीला सिग्नल दिला की रेडिओने संदेश जातो आणि उपकरण दिवा, आवाज व कंपनाने सांगते की गाडी निघणार आहे. कंपन महत्त्वाचे आहे, कारण हातोडीच्या आवाजातही ते अंगाला जाणवते. गाडी दिसण्याआधी, ती स्टेशनवर असतानाच इशारा मिळतो, म्हणून वळणांमुळे आणि बोगद्यांमुळे नजर अडण्याचा प्रश्न इथे मुळातच उरत नाही. पण घाटात रेडिओचा संदेश डोंगरामागे अडू शकतो, आणि तेव्हा त्या उपकरणाची शांतता लुकआउटच्या शांततेइतकीच दगा देते. म्हणून खरेदीच्या निकषांत आवाजाची पातळी आणि बॅटरीचे तास यांच्याबरोबर एक अट ठळकपणे लिहिलेली असावी. संदेश येणे बंद होताच उपकरणाने स्वतःहून धोक्याचा इशारा द्यावा, आणि तो ऐकलेल्या चावीवाल्याने रुळाबाहेर उभे राहिल्याबद्दल त्याला कामचुकार ठरवले जाऊ नये.