रजेच्या अर्जातील क्लायंट-संमतीचा उल्लेख

नोकरी एका कंपनीची आणि रोजचे काम दुसऱ्या कंपनीच्या कार्यालयात, अशा कर्मचाऱ्याने रजा मागताना ‘या तारखांना क्लायंटची हरकत नाही’ असे अर्जात नोंदवणे. पुण्या-बंगळुरूच्या आयटी सेवा कंपन्यांत ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. बिल दिवसांच्या किंवा तासांच्या हिशेबाने होत असेल, तर रजेच्या दिवसाचे पैसे क्लायंटकडून सहसा मिळत नाहीत. म्हणून मॅनेजर आधी विचारतो, ‘क्लायंटला सांगितलंस का?’

संमती आणि मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजा शिल्लक आहे का, पगारी आहे का, हे नोकरी देणारी कंपनी ठरवते. त्या दिवसांत काम अडेल का, एवढेच क्लायंट सांगू शकतो. त्यामुळे ‘क्लायंटने रजा मंजूर केली आहे’ हे वाक्य चुकीचे आहे. कंत्राटी कामगाराचा खरा मालक कोण, असा वाद उभा राहिला तर त्याच्यावर नियंत्रण कोणाचे हे न्यायालये तपासतात. म्हणूनही हे शब्द जपून वापरावेत.

एक नमुना पाहू. बँकेच्या कार्यालयात बसणाऱ्या टेस्टरला बहिणीच्या लग्नासाठी 12 ते 16 ऑक्टोबर अशी पाच दिवस रजा हवी आहे. तो प्रथम बँकेच्या प्रोजेक्ट मॅनेजरला तारखा आणि बदली माणसाचे नाव मेलने कळवतो. होकार आला की कंपनीच्या पोर्टलवर अर्ज भरतो आणि शेऱ्यात लिहितो: ‘12 ते 16 ऑक्टोबर या दिवसांसाठी क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरांची 28 सप्टेंबरच्या मेलने संमती मिळाली आहे, मेल सोबत जोडला आहे. या काळात काम सहकारी पाहतील. कृपया रजा मंजूर करावी.’ कोणी, कधी, कोणत्या तारखांना होकार दिला हे यात आले.

घोटाळा बहुतेकदा तारखांत होतो. समजा, होकार 14 तारखेपर्यंतचाच होता आणि उरलेले दोन दिवस जेवणाच्या टेबलावर तोंडी ठरले. महिनाअखेरीस कंपनीच्या टाइमशीटमध्ये पाच दिवस रजा दिसते, बँकेच्या नोंदीत तीनच. दोन दिवसांचे बिल अडते आणि खुलासा त्या टेस्टरकडे मागितला जातो. तोंडी होकार मिळाला तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ असा दोन ओळींचा मेल टाकावा. तारीख बदलली तर संमतीही नव्याने घ्यावी. सुट्ट्यांच्या याद्याही जुळवून पाहाव्यात, कारण कंपनीला सुट्टी असलेला दिवस क्लायंटकडे कामाचा असू शकतो.

अचानक आलेल्या आजारपणात आधी संमती घेणे शक्य नसते. तिथे ‘क्लायंटला सकाळी कळवले आहे’ एवढे पुरते. आजार कोणता हे क्लायंटला सांगण्याची गरज नाही आणि मॅनेजरनेही त्याचा आग्रह धरू नये. क्लायंटने नकार दिला, तर तेही अर्जात स्पष्ट लिहावे: बदली माणूस द्यायचा की तारखा पुढे ढकलायच्या, याची बोलणी मग मॅनेजरने क्लायंटशी करायची असतात.