इकडून, तिकडून आणि मधली भिंत

हळदीकुंकवाला आपण नाव घ्यायला सांगतो, तेव्हा आपल्या गटातल्या साठीच्या बायकासुद्धा आधी पदर तोंडाशी नेतात, मग उखाणा म्हणतात. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची परवानगी होती, एरवी नव्हती. माझी आजी आजोबांबद्दल बोलताना "इकडून येणं झालं" असं म्हणायची. नवरा म्हणजे "इकडून" किंवा "स्वारी". नाव नाही, तू नाही, तुम्हीसुद्धा नाही. सासूसासरे, दीर, नणंदा यांच्यासमोर नवराबायकोनं एकमेकांशी सरळ बोलायचं नाही, ही त्या काळची रीत. जुन्या वाड्यांत पुरुषांची ऊठबस पुढच्या सोप्यात, बायकांची माजघरात. दिवसभर एका छपराखाली राहूनही दोघांची गाठ पडायची ती रात्री, सगळी निजानीज झाल्यावर.

आज मी तुम्हाला अशाच एका जोडप्याची गोष्ट सांगणार आहे. दोघंही मोठी माणसं, पण आपल्याला त्यांची ओळख पुतळ्यापुरती असते. रमाबाई रानडे आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रमाबाईंनी "आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी" या नावाचं पुस्तक लिहिलं. ते 1910 साली निघालं. त्या पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे सासरच्या घरात नवराबायकोला एकमेकांसाठी जागा कशी करावी लागली, याची हकिकत आहे.

रमाबाईंचा जन्म 1862 सालचा, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेर कुर्लेकरांचं. 1873 साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि नवरा एकतीस वर्षांचा. रानड्यांची पहिली बायको त्याच वर्षी वारली होती. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, त्यामुळे मुलगा आता एखाद्या विधवेशी लग्न करील अशी धास्ती वडिलांना वाटली आणि त्यांनी घाईनं ही मुलगी ठरवली. रानड्यांच्या मनात नव्हतं. तरी वडिलांचा शब्द मोडवेना म्हणून ते बोहल्यावर उभे राहिले. म्हणजे या संसाराची सुरुवातच घरातल्या मोठ्यांच्या मर्जीनं झाली.

लग्नाच्या रात्रीची आठवण रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. नवऱ्यानं विचारलं, तुझं माझ्याशी लग्न झालं, पण मी कोण, माझं नाव काय, हे तुला माहीत आहे का? मुलीनं ऐकलेलं होतं तसं नाव सांगितलं. मग लिहितावाचता येतं का, असं विचारलं. येत नव्हतं. त्याच रात्री पाटीपेन्सिल घेऊन अक्षरं शिकवायला सुरुवात झाली.

हा प्रसंग आपण "थोर नवऱ्यानं बायकोला शिकवलं" एवढ्यावर सोडून देतो. मला त्यात दुसरंही दिसतं. दिवसा ज्या दोघांनी एकमेकांकडे पाहायचंही नाही, त्या दोघांना रात्रीच्या त्या पाटीनं एकत्र बसायला कारण दिलं. प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं, चुकायचं, हसायचं. ओळख अशीच होते. पण म्हणूनच ती पाटी घरातल्या बायकांच्या डोळ्यांवर आली.

पुण्याच्या त्या घरात बायका पुष्कळ होत्या. सावत्र सासूबाई होत्या, नात्यातल्या इतर बायका होत्या आणि नणंद दुर्गाताई होत्या. सून रात्री शिकते हे कळल्यावर टोमणे सुरू झाले. वडीलधाऱ्यांसमोर पुस्तक वाचणं म्हणजे उद्धटपणा. शिवाय सल्लाही मिळे, की पुरुष काहीही सांगतील, आपण ते कानाआड करावं, म्हणजे कंटाळून ते आपोआप नाद सोडतात. बघा, पेच कसा आहे. नवऱ्याचं ऐकलं तर घरातल्या बायका रागावणार आणि बायकांचं ऐकलं तर नवरा नाराज होणार. रात्रभर तो नवरा असतो, दिवसभर त्या बायका असतात. अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं दोन्हीकडे सांभाळायचं.

आणि रमाबाईंनी काय केलं? दिवसाचं बोलणं रात्री सांगायचं नाही, असं ठरवलं. नवऱ्याचंही सांगणं हेच, की उलट उत्तर देऊ नये, सोसावं. रानडे घरात वडिलांसमोर किंवा बायकांसमोर तिची बाजू घेऊन उभे राहिले नाहीत. त्यांच्या स्वभावात ते नव्हतं. त्यामुळे घरात भांडण पेटलं नाही हे खरं. पण त्याची किंमत एकटीनं भरली.

इथं थोडं थांबूया. आपण नेहमी म्हणतो, सासूमुळे नवराबायकोत भांडणं होतात. रमाबाईंच्या गोष्टीत भांडण नाहीच. ताण वेगळ्या वाटेनं येतो. बायकोला जे सगळ्यात जास्त टोचतं तेच ती नवऱ्याला सांगू शकत नाही. सांगितलं तर आग लावली असं होतं. न सांगता गिळलं तर रात्री जवळ बसलेल्या माणसापासून एक गोष्ट लपवलेली असते. अशा दहा गोष्टी साठल्या की दोघांत एक भिंत उभी राहते. ती भिंत सासूनं बांधलेली नसते. दोघांच्या गप्प बसण्यानं ती उभी राहते.

आता नणंद दुर्गाताईंकडे बघा. त्या रानड्यांच्या सख्ख्या बहीण. विधवा झालेल्या. भाऊ विधवाविवाहाचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण वडिलांना मान्य नव्हतं म्हणून बहिणीचं लग्न पुन्हा झालं नाही. सगळं आयुष्य भावाच्या घरात गेलं. त्या घरात एक मुलगी येते, भाऊ तिला रोज रात्री जवळ बसवून शिकवतो, तिचं कौतुक करतो. दुर्गाताईंना कुणी पाटी दिली होती? त्यांना कोणती रात्र मिळाली होती? त्या रमाबाईंना बोलल्या ते चुकलंच. पण ज्या घरात एका बाईला संसार नाकारला जातो आणि दुसरीचा संसार तिच्या डोळ्यांसमोर मांडला जातो, त्या घरात टोमणे येणारच. त्या टोमण्यांची मुळं दोन बायकांच्या स्वभावात शोधायची नसतात. वडिलांनी घेतलेल्या आणि भावानं न मोडलेल्या निर्णयात ती आहेत.

गोष्टीला वळण लागतं 1878 साली. रानड्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, सरकारला रानड्यांचा संशय आला आणि त्यांना धुळ्याला पाठवलं. सरकारनं ती शिक्षा म्हणून केलेली असेल, पण या दोन गावांनी नवराबायकोला मोकळा श्वास दिला. पुण्याच्या मोठ्या घरापासून दूर, रमाबाई स्वतः घर चालवू लागल्या. वाचन वाढलं, बायकांमध्ये मिसळणं सुरू झालं. नवरा तोच होता, बायको तीच होती. फक्त माजघर बदललं होतं.

पुढं पुन्हा पुण्यात येणं झालं. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज निघाला आणि आपल्या रमाबाई त्यांच्यात जाऊ लागल्या. इंग्रजीची शिकवणीही सुरू झाली, शिकवायला मडम. मग घरात सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. मडमेजवळ बसून आलीस, आता आंघोळ केल्याशिवाय शिवायचं नाही. नाशिकला जे सहज जमलं त्यासाठी पुण्यात रोज दंड भरावा लागत होता. पण आता त्या अकरा वर्षांच्या नव्हत्या. मधल्या वर्षांत दोघांचं एकमेकांशी जुळलं होतं, म्हणून हा दुसरा ताण त्यांनी पेलला. मला वाटतं, नाशिकधुळ्याची ती वर्षं मिळाली नसती, तर पाटी केव्हाच कोपऱ्यात गेली असती.

ही गोष्ट जशीच्या तशी आजची नाही, हेही सांगायला हवं. एकतीस वर्षांचा पुरुष आणि अकरा वर्षांची मुलगी यांच्यातलं नातं बरोबरीचं नसतं. नवरा शिकवणार आणि बायको शिकणार, हीच त्यांच्या जवळिकीची रीत होती. रमाबाईंनी पुस्तक लिहिलं तेही वैधव्यात, नवऱ्याच्या भक्तीनं. रानडे 1901 साली गेले. पुस्तकात त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, "स्वतः" असं म्हणतात. पुढं या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं, त्याचं नावही तेच ठेवलं, "हिमसेल्फ". लग्नाच्या रात्री एकट्यात उच्चारलेलं नाव पुस्तकाच्या पानांवर घेतलं नाही.

आता आपल्याकडे या. आमच्या एका गटात एक सदस्य आहे, नाव सांगत नाही. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सासूसासरे, आत स्वयंपाकघर, रात्री तिथंच हे दोघं आणि दोन मुलं. दाराला पडदा. नवरा चांगला आहे, पीत नाही, मारत नाही. पण ती म्हणाली, "ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्ही दोघं काय बोललो असं विचाराल तर बाजाराची यादी." सासूशी तिचं वैर नाही. सासू दिवसभर नातवंडं सांभाळते म्हणून तर ती गटाच्या मीटिंगला येते. वेगळं राहायला पैसा नाही आणि दोघांच्याही मनात ते नाही.

तिला मी रमाबाईंची पाटी सांगितली. मग तिनं एक केलं. गटाचं रजिस्टर ती महिन्यातून दोनदा रात्री घरी भरते. आधी एकटी भरायची. आता नवऱ्याला म्हणाली, बेरीज तुम्ही तपासा. अर्धा तास दोघं बसतात. पहिल्या वेळी हिशेबच झाला. तिसऱ्या वेळी नवऱ्यानं विचारलं, तू दिवसभर एवढी गप्प का असतेस? तिनं सांगितलं. आईबद्दल तक्रार म्हणून नाही, आपल्या मनाचं म्हणून सांगितलं. आणि नवऱ्यानं रानड्यांपेक्षा एक पाऊल पुढं टाकलं. तो आईला स्वतः म्हणाला, "रात्री आम्ही हिशेबाला बसतो तेव्हा हाक मारू नको, काही लागलं तर मी आधीच देऊन ठेवतो." सासू दोन दिवस फुगली. तिसऱ्या दिवशी तिनं नातवंडं आपल्याजवळ झोपवली.

सगळीकडे असं होईल असं नाही. जिथं हात उचलला जातो, उपाशी ठेवलं जातं, तिथं रजिस्टर उपयोगाचं नाही. तिथं गटानं बाईच्या पाठीशी उभं राहायचं आणि कायद्याची वाट धरायची. पण जिथं फक्त गप्प बसण्याची भिंत आहे, तिथं दोन गोष्टी बघा. दोघांना बसायला रोजची नाही तरी ठरलेली वेळ आहे का? आणि आईवडिलांशी बोलायचं काम नवरा स्वतः करतो का, की ते बायकोच्या सोसण्यावर टाकतो?

शेवटी दुर्गाताईंची आठवण. 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि रमाबाईंनी ते वाढवलं. तिथं विधवा आणि घरात अडकलेल्या बायका शिकल्या, नर्सिंगसारखी कामं करू लागल्या. ज्यांना घरात पाटी मिळाली नव्हती त्यांना रमाबाईंनी ती दिली. आपल्या गटात सुना आहेत तशा सासवाही आहेत, एकट्या राहिलेल्या नणंदाही आहेत. पुढच्या मीटिंगला त्यांच्यापैकी एकीला विचारा, तुमच्या तरुणपणी तुम्हा दोघांना बोलायला वेळ कधी मिळायचा? उत्तर ऐकून घ्या. मग सुनेच्या वेळेची गोष्ट काढा.