गावाचे आरोग्य उपकेंद्र कसे ओळखावे?

सपाट प्रदेशात 5,000, तर डोंगराळ व आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. त्यामुळे एका उपकेंद्राकडे अनेक गावे असू शकतात. दोन किलोमीटरवरील उपकेंद्र शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील आणि आपले पाच किलोमीटरवर, असेही घडते. म्हणून अंतरावरून अंदाज न बांधता माता व बाल संरक्षण कार्डावरील उपकेंद्राचे नाव पाहावे. 2023 मधील नामांतरानंतर फलकावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे लिहिलेले असू शकते. लसीकरण सत्र मात्र अनेकदा गावातील अंगणवाडीतच भरते. त्याचा दिवस व जागा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सूक्ष्म नियोजनात नोंदलेली असते. आशा कार्यकर्तीकडून आदल्या दिवशी तिची खातरजमा करावी.