जोसेफस समस्या

जोसेफस समस्या हा गणित आणि संगणकशास्त्र या दोन्ही विषयांत अभ्यासला जाणारा एक प्रश्न आहे. n व्यक्ती वर्तुळात उभ्या आहेत. ठरावीक जागेपासून मोजणी सुरू करून दर k-वी व्यक्ती बाद केली जाते आणि तिच्या पुढच्या व्यक्तीपासून मोजणी पुन्हा सुरू होते. अखेरीस उरणारी व्यक्ती मुळात कितव्या स्थानी उभी होती, हे शोधायचे असते.

नावामागील घटना

इ.स. ६७ मध्ये रोमन सेनापती व्हेस्पासियनने गॅलिलीतील योडफात हे नगर वेढा देऊन जिंकले. तेथील ज्यू सेनानायक फ्लेवियस जोसेफस चाळीस जणांसह भूगर्भातील एका गुहेत लपला. शरण जाण्यापेक्षा एकमेकांच्या हातून मरण पत्करावे, असे सोबत्यांनी ठरवले. शेवटी जोसेफस आणि आणखी एक जण असे दोघेच उरले व ते रोमनांच्या स्वाधीन झाले. जोसेफसने स्वतः ही हकीकत ‘ज्यूंचे युद्ध’ या ग्रंथात लिहिली आहे. तीत चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख आहे, वर्तुळातील मोजणीचा नाही. ४१ जण आणि दर तिसरा बाद, हे रूप नंतरच्या गणितज्ञांनी दिले. त्या रूपात अखेरचे दोघे १६व्या आणि ३१व्या स्थानावरचे असतात आणि पुढे मोजत गेल्यास ३१वा एकटा उरतो. जोसेफसने हे गणित करून आपली जागा निवडली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्याला मूळ ग्रंथाचा आधार नाही.

चक्रीय लिंक्ड लिस्टने उकल

प्रत्येक व्यक्तीसाठी एक नोड तयार करून त्यात पुढच्या नोडचा पत्ता ठेवतात. शेवटच्या नोडला पहिल्या नोडचा पत्ता दिला की साखळीचे वर्तुळ होते. एखादा नोड काढायचा म्हणजे त्याच्या मागच्या नोडला थेट त्याच्या पुढच्याशी जोडायचे. त्यामुळे हाताशी मागचा नोड असावा लागतो आणि `prev` ची सुरुवात पहिल्या नव्हे, तर शेवटच्या नोडपासून करतात.

```python
while prev.next is not prev:
    for _ in range(k - 1):
        prev = prev.next
    prev.next = prev.next.next
```

सात व्यक्ती आणि k = ३ घेतल्यास `prev` आरंभी ७ वर असतो. दोन पावलांनी तो २ वर येतो आणि ३ बाद होतो. `prev` अजून २ वरच असल्यामुळे पुढची दोन पावले ४ आणि ५ वर पडतात व ६ बाद होतो. असे करत ३, ६, २, ७, ५, १ हा क्रम मिळतो आणि ४ उरतो. सुरुवात चुकून पहिल्या नोडपासून केली, तर सर्वप्रथम ४ बाद होतो. म्हणून पहिली बाद होणारी व्यक्ती k-वीच आहे ना, एवढे पाहिले तरी ही चूक लगेच कळते.

या रीतीत एकेका व्यक्तीसाठी k − १ पावले चालावी लागतात. एकूण श्रम साधारण n × k इतके होत असल्याने मोठ्या संख्यांसाठी ती फार संथ ठरते.

सूत्राची जवळची वाट

स्थाने ० पासून मोजली, तर पहिल्या फेरीत k − १ क्रमांकाची व्यक्ती जाते आणि मोजणी k क्रमांकापासून पुढे चालू होते. उरलेल्यांना तेथून ०, १, २ असे नवे क्रमांक दिले, तर n − १ व्यक्तींचा तोच प्रश्न पुन्हा समोर येतो. नव्या क्रमांकात k मिळवून n ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे जुना क्रमांक. त्यावरून पुढील सूत्र मिळते:

```
J(1) = 0
J(n) = (J(n-1) + k) mod n
```

k = ३ असताना एकापासून सात व्यक्तींपर्यंतची उत्तरे अनुक्रमे ०, १, १, ०, ३, ०, ३ येतात. शेवटच्या ३ मध्ये १ मिळवला की चौथे स्थान मिळते. हा १ अगदी शेवटी, एकदाच मिळवायचा असतो. J(1) = 1 धरून हेच सूत्र चालवले, तर सात व्यक्तींसाठी ० हे उत्तर येते आणि त्या क्रमांकाची व्यक्तीच वर्तुळात नसते.

येथे n − १ टप्पे पुरतात. K कितीही मोठा असला तरी टप्पे वाढत नाहीत आणि यादी साठवावी लागत नाही. मात्र सूत्र केवळ अखेरची व्यक्ती सांगते. कोण कोणत्या क्रमाने बाद झाले, हे हवे असेल तर लिंक्ड लिस्टची रीत उपयोगी पडते.

k = २ असताना टप्प्यांचीही गरज उरत नाही. n मधून त्यात मावणारा दोनाचा सर्वांत मोठा घात वजा करावा, बाकीची दुप्पट करून त्यात १ मिळवावा. ४१ मधून ३२ गेल्यावर ९ उरतात, म्हणून १९वी व्यक्ती वाचते. द्विमान पद्धतीत ४१ म्हणजे 101001. त्यातील पहिला 1 उचलून शेवटी ठेवला की 010011, म्हणजे १९ मिळतात. k = ३ किंवा त्याहून मोठा असल्यास इतके सुटसुटीत सूत्र ज्ञात नाही.